'खेरीज', 'तरच', 'न' सगळ्यात आधी का गळतात? कलम २४ एका ओळीत बसवताना आलेली अडचण

शुभदा_वाई · शनिवार, सकाळी ९.४०

आमचा एक छोटा गट सातारा जिल्ह्यात माहिती अधिकाराच्या कार्यशाळा घेतो. येणाऱ्यांना आम्ही खिशात मावेल असं एक कार्ड देतो. प्रत्येक कलमाला एक ओळ, फार तर दोन. गेली चार वर्षं कलम २४ साठी कार्डावर ही ओळ होती:

"गुप्तचर व सुरक्षा संस्थांना माहिती अधिकार कायदा लागू नाही."

ती मीच लिहिली होती. गेल्या महिन्यात एक गृहस्थ भेटायला आले. त्यांचा मुलगा एका केंद्रीय सुरक्षा दलात आहे. बढतीच्या यादीत पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, आणि त्या तक्रारींवर पुढे काय कारवाई झाली हे त्यांना विचारायचं होतं. दीड वर्षापूर्वी त्यांनी आमचं कार्ड पाहिलं, "लागू नाही" वाचलं आणि अर्जच केला नाही. ते माझ्यावर रागावले नाहीत, पण मला रात्री झोप लागली नाही.

मूळ कलम २४(१) मी साध्या मराठीत मांडते. दुसऱ्या अनुसूचीतल्या गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांना हा कायदा लागू नाही. परंतु, भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांबाबतची माहिती यातून वगळली जाणार नाही. परंतु आणखी असे की, मानवी हक्कभंगाच्या आरोपाबाबतची माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीनंतरच दिली जाईल आणि कलम ७ मध्ये काहीही असले तरी ती ४५ दिवसांत दिली जाईल.

यातली पहिली पायरी मी ठेवली आणि पुढच्या दोन टाकल्या. माझा हेतू चांगला होता, कायदा मी वाचलेला होता, तरीही गाळायची वेळ आली तेव्हा नेमकं हेच गेलं. हे असं का होतं आणि पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय करता? नवं कार्ड पुढच्या शनिवारी छापायला जाणार आहे.

---

गोट्या_अलिबाग · स. १०.०५

ताई, ऑनलाइन अर्जाला जोडायची फाइल लहान करताना आमचंही असंच होतं. स्कॅन कमी केबीचं केलं की अनुस्वार आणि बारीक अक्षरं पुसट होतात. राखाडीऐवजी काळं-पांढरं निवडून बघा.

---

शुभदा_वाई · स. १०.१२

गोट्यादादा, मी फाइलच्या आकाराबद्दल विचारत नाहीये. मजकूर थोडक्यात लिहिताना "नाही", "खेरीज", "तरच" असले शब्द का निसटतात हा प्रश्न आहे. शीर्षक जरा स्पष्ट करते.

---

अमेय_ठाणे · स. १०.३०

कारण सोपं आहे. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, मराठीत तो वाक्याच्या शेवटी असतो. "करावे" की "करू नये" हे शेवटचा शब्द वाचल्याशिवाय कळत नाही. आपण लांब मजकूर शेवटाकडून कापतो, त्यामुळे नकार कापला जातो. नकार पुढे आणा, प्रश्न मिटेल.

कार्डासाठी माझी ओळ घ्या: "गुप्तचर संस्थांकडून फक्त भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती मिळते, आयोगाच्या मंजुरीने, ४५ दिवसांत." सगळं आलं, चौदा शब्दांत.

---

निवृत्त_कक्ष_अधिकारी · स. ११.२०

मी एकतीस वर्षं मंत्रालयात टिपण्या लिहिल्या. पन्नास पानांची नस्ती दीड पानात आणणं हेच माझं काम होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी अमेय यांच्या ओळीबद्दल. त्यांनी अपवाद ठेवला हे चांगलं केलं, पण अटीची जागा बदलली. कायद्यात आयोगाची मंजुरी आणि ४५ दिवस या दोन्ही गोष्टी फक्त मानवी हक्कभंगाच्या आरोपाला आहेत. भ्रष्टाचाराच्या आरोपाला मंजुरी लागत नाही आणि मुदत कलम ७ मधली नेहमीची ३० दिवसांची. अमेय यांची ओळ वाचून शुभदाताईंचे गृहस्थ आयोगाच्या मंजुरीची वाट बघत बसतील. अट हरवली तर मूळ मजकुराशी ताडून पाहताना निदान तिची जागा मोकळी दिसते. ती शेजारच्या गोष्टीला चिकटली तर ताडून पाहणाराही फसतो, कारण सगळे शब्द हजर असतात.

दुसरी चूक बारीक आहे. "माहिती मिळते" असं कार्डावर लिहू नका, "मागता येते" लिहा. या दोन प्रकारांत कलम २४ चा अडसर दूर होतो एवढंच. माहिती नाकारण्याची कलम ८ मधली कारणं तिथेही लागू आहेत.

आता नकार शेवटी असतो म्हणून तो जातो, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मोबाइलवर संदेश मधेच तुटतो आणि खाली "आणखी वाचा" येतं, तिथे ते खरं आहे. पण माणूस स्वतः विचार करून मजकूर लहान करतो तेव्हा मराठीतलं शेवटचं "नाही" सहसा टिकतं. "गोळी घेऊ नये" यातलं "नये" काढून बघा. "गोळी घेऊ" उरतं आणि वाक्य लंगडतं, लिहिणाऱ्याला लगेच टोचतं. शुभदाताईंच्या ओळीतही "लागू नाही" मधलं "नाही" शाबूत आहेच. गेला तो "परंतु".

माझ्या अनुभवात जे शब्द जातात त्यांच्यात एक समान गोष्ट असते. ते काढले तरी वाक्य धडधाकट राहतं. "शुल्क न भरल्यास अर्ज निकाली काढावा" यातला "न" काढा. "शुल्क भरल्यास अर्ज निकाली काढावा." वाक्य पूर्ण, व्याकरण शुद्ध, अर्थ उलटा. "मंजुरीनंतरच द्यावी" मधला "च" काढा. "मंजुरीनंतर द्यावी." यातही कुठे खोट दिसत नाही, पण आधी देण्याची मनाई गेली. "अपात्र" मधला "अ", "विनाअनुदानित" मधलं "विना", "अमुक खेरीज करून" हा तुकडा, "सामान्यतः" हा शब्द, यातलं काहीही काढा, वाक्य उभंच राहतं. कर्ता काढला तर वाक्य पडतं, म्हणून तो कुणी काढत नाही. अट काढली तर काहीच पडत नाही.

परंतुकाचं तर आणखीनच. ते स्वतंत्र वाक्य म्हणून येतं. पहिलं वाक्य म्हणजे कायदा आणि "परंतु" पासून पुढे शेपूट, असं वाचणाऱ्याच्या मनात बसतं. जागा कमी पडली की शेपूट जातं.

---

रेवती_प · दु. १२.०२

वरच्या प्रतिसादातलं "वाक्य धडधाकट राहतं" वाचून अंगावर काटा आला.

बाबांना दवाखान्यातून घरी सोडताना साखरेच्या गोळीबद्दल कागदावर छापलेलं होतं: रोज सकाळी जेवणाआधी एक, जेवण घेणार नसल्यास त्या वेळची गोळी घेऊ नये. मी ते पाच औषधांसकट फ्रिजवर चिकटवायच्या कागदावर उतरवून काढलं: "साखरेची गोळी – सकाळी जेवणाआधी १." चतुर्थीला बाबांनी उपास केला आणि गोळी वेळेवर घेतली. दुपारी घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणं तुटक. मोजली तर साखर ५४. साखरपाणी दिलं, तासाभरात सावरले.

मी तो कागद दहा वेळा तपासला होता. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, सगळं बरोबर होतं. तपासताना मी कागदावर जे आहे तेच तपासत होते.

आता कागदावर आईने सांगितलेलं वाक्य आहे: "आधी ताट वाढा, मग गोळी. ताट नाही तर गोळी नाही." आमच्या डॉक्टरांना दाखवून घेतलं, ते म्हणाले ठीक. (हे बाबांच्या गोळीपुरतं आहे. सगळ्या गोळ्यांना हा नियम लावू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.)

---

निवृत्त_कक्ष_अधिकारी · दु. १२.२५

रेवतीताई, वडील सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. तुमच्या आईंच्या वाक्यात माझ्या मते उपाय आलेलाच आहे. "ताट नाही तर गोळी नाही" यातून काहीही काढता येत नाही. एक "नाही" काढलं तरी वाक्य मोडतं. आपल्याकडे जर–तर, जोपर्यंत–तोपर्यंत, जो–तो अशा जोड्या आहेत. अट जोडीत बांधली की अर्धा भाग गाळणाऱ्याचा हात अडतो. "खेरीज", "वगळून", "शिवाय" यांना जोडीदार नाही, म्हणून ते एकटे गळतात. मजकूर आखडताना मी अशा शब्दांची वाक्यं आधी जर–तर मध्ये उलगडतो, मग कापतो. आधी दोनचार शब्द वाढतात, पण ते वसूल होतात.

---

सिग्नलवाले_काका · दु. १.१०

मी सैन्याच्या सिग्नल कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे संदेश जितका आटोपशीर तितका चांगला, कारण प्रत्येक शब्द कुणाला तरी पाठवावा लागतो आणि कुणाला तरी उतरवून घ्यावा लागतो. "कृपया", "तरी", "सदर" असलं काही नाही. पण एका शब्दाच्या बाबतीत उलट शिस्त. नकार असेल तर तो दोनदा: "नॉट रिपीट नॉट". म्हणजे "पूल ओलांडू नका" असं कळवायचं असेल तर इंग्रजीत डू नॉट रिपीट नॉट क्रॉस. परराष्ट्र खात्यांच्या तारांमध्येही हीच पद्धत असायची.

मुद्दा हा, की जिथे एकेक शब्द वाचवत होतो तिथेच या शब्दावर दोन जास्त शब्द खर्च करत होतो. खरखरीत एखादा शब्द गेला आणि तो नेमका "नॉट" असला, तर उतरवून घेणाऱ्याला संशय यायचं काही कारणच नाही. "डू क्रॉस" हाही हुकूमच वाटतो. दोनदा आला तर एक गेला तरी "रिपीट नॉट" उरतं आणि उतरवणारा परत विचारतो. वर साहेब म्हणाले तीच गोष्ट. शब्द गेला तर वाक्य लंगडलं पाहिजे.

---

अमेय_ठाणे · दु. १.४०

माझी ओळ चुकीची होती हे मान्य. कलम पुन्हा वाचलं. दुसरं परंतुक फक्त मानवी हक्कांचं आहे.

काका, कार्डावर "नाही नाही" छापलं तर विचित्र दिसेल. ठळक टायपात किंवा लाल शाईत छापणं जास्त बरं नाही का?

---

सिग्नलवाले_काका · दु. २.०५

ठळक छापा, हरकत नाही. पण कार्ड वाचून माणूस शेजाऱ्याला तोंडी सांगतो. तोंडी सांगताना लाल शाई येत नाही. नकार शब्दांतच दोन ठिकाणी हवा. रेवतीताईंच्या आईंनी तो दोन ठिकाणी ठेवलाय आणि ऐकायला विचित्रही वाटत नाही.

---

निखिल_बंगळूरु · दु. २.५०

हे फक्त माणसाच्या हातून होत नाही. मी मजकूर शोधण्याच्या प्रणालीवर काम करतो. मजकूर हलका करताना "अर्थ नसलेले" शब्द आधी गाळायची आमच्याकडे जुनी रीत आहे. त्यासाठी तयार याद्या मिळतात. पायथनच्या एनएलटीके संचातली इंग्रजी यादी खूप वापरली जाते. तिला हे विचारून बघा:

```python
from nltk.corpus import stopwords
sw = set(stopwords.words('english'))
for w in ['not', 'no', 'only', 'until', 'if', 'unless']:
    print(w, w in sw)
```

पहिल्या पाचांना उत्तर `True` येतं, म्हणजे ते गाळायच्या यादीत आहेत. `unless` ला `False`. यादी करणाऱ्यांनी वाईट हेतूने काही केलेलं नाही. जो शब्द सगळ्या कागदांत येतो तो एका कागदाला दुसऱ्यापासून वेगळा करत नाही, म्हणून शोधाच्या कामात तो निरुपयोगी. शोधासाठी हे ठीकच आहे. पण तीच यादी उचलून कुणी ग्राहकांच्या तक्रारींचा गोषवारा काढायला लावली, की "पैसे परत मिळाले" आणि "पैसे परत मिळाले नाहीत" एकाच गठ्ठ्यात जाऊन पडतात. हे मी कामावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आम्हाला कळलं ते गठ्ठ्यातल्या वीस मूळ तक्रारी उघडून वाचल्या तेव्हा. आकड्यांवरून काहीच कळलं नव्हतं.

उपाय म्हणाल तर एका ओळीचा आहे, `sw -= {'not', 'no', 'nor', 'only', 'if', 'until'}`. पण ती ओळ लिहायची आठवण कुणाला तरी व्हावी लागते.

माणूसही हेच करतो असं मला वाटतं. "न" आणि "च" पानावर शंभर वेळा दिसतात, म्हणून डोळा त्यांना किंमत देत नाही.

---

मनीषा_पुणे · दु. ४.१५

मी मानसशास्त्र शिकवते. निखिल यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून एक सांगते. २००४ मध्ये मेयो, शूल आणि बर्नस्टाइन यांचा एक अभ्यास आला. ज्या नकाराला भाषेत तयार उलटा शब्द असतो, तो माणूस त्या उलट्या शब्दाच्या रूपात साठवतो. "दोषी नाही" म्हटलं की मनात "निर्दोष" जातं. पण "साहसी नाही" याला पटकन सुचणारा उलटा शब्द नसतो. मग मनात "साहसी" जातं आणि त्याला "नाही" ची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुढे ती चिठ्ठी गळून पडते आणि माणसाला "साहसी" आठवतं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, टिपण काढताना नकाराला स्वतःच्या पायावर उभा राहणारा शब्द मिळतो का ते आधी बघा. "देऊ नये" ऐवजी "रोखून ठेवा", "लागू नाही" ऐवजी "वगळलेल्या", "भरले नसल्यास" ऐवजी "थकल्यास".

---

निवृत्त_कक्ष_अधिकारी · दु. ४.४०

मनीषाताई, उपयोगी आहे, फक्त एक सावधगिरी. उलटा शब्द नेमका तेवढाच अर्थ घेतो का हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. "मंजूर झालेला नाही" म्हणजे "नामंजूर" नव्हे. तो प्रलंबितही असू शकतो. नस्तीवर असा एक शब्द बदलला आणि प्रलंबित माणूस नाकारलेल्यांच्या यादीत गेला, असं माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

---

मनीषा_पुणे · दु. ४.५२

खरं आहे. दोनच शक्यता असतील तिथेच हे करावं, तिसरी असेल तर "नाही" च ठेवावं.

---

बाळासाहेब_बार्शी · सं. ६.३०

माझा अनुभव अर्ज करणाऱ्याच्या बाजूचा. आपल्या राज्याच्या नियमांत २०१२ पासून अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांचा असावा असं आहे. मी एका योजनेच्या लाभार्थ्यांची यादी मागितली होती. पहिल्या खर्ड्यात स्पष्ट लिहिलं होतं, "लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक व मोबाइल क्रमांक वगळून". शब्द मोजले तर १७१. कापत कापत १४८ वर आणला. काय कापलं? तेच. मला वाटलं, जे नकोच आहे ते कशाला लिहायचं.

उत्तर आलं: वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार नाकारण्यात येते. पहिलं अपील, सुनावणी, तारीख. सात महिने गेले. ते दहा शब्द ठेवले असते तर नाकारायला एवढं सोपं कारण मिळालं नसतं.

---

निवृत्त_कक्ष_अधिकारी · सं. ७.००

बाळासाहेब, दोन गोष्टी. कलम १० प्रमाणे न देण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेली माहिती देता येते. अपिलात तो मुद्दा घेतला नसेल तर अजून घ्या.

दुसरी गोष्ट, तुम्ही लिहिलेल्या नियमातूनही एक शब्द गळलाय. तिथे "सामान्यतः १५० शब्दांपेक्षा जास्त नसावा" अशा अर्थाची रचना आहे. "सामान्यतः" आहे, म्हणजे १७१ शब्दांचा अर्ज नियमबाह्य ठरतोच असं नाही. हा शब्द बहुतेक माहितीपत्रकांतून गेला आहे आणि लोक तुमच्यासारखे २३ शब्दांसाठी स्वतःच्याच अर्जाचा हात तोडतात. एका विषयाच्या अटीला मात्र "सामान्यतः" जोडलेलं नाही, ती पाळा.

---

बाळासाहेब_बार्शी · सं. ७.२०

हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. नियम मी मूळातून कधी वाचलाच नाही, पत्रक वाचत आलो. उद्या काढतो.

---

शुभदा_वाई · रविवार, स. ८.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून नव्याने केलं. काय केलं ते पायरीपायरीने लिहिते, चुकलं तर सांगा.

मूळ कलम कागदावर उतरवलं आणि अर्थ फिरवू शकणाऱ्या जागा पेन्सिलने गोल केल्या. चार निघाल्या: "लागू नाही", "वगळली जाणार नाही", "मंजुरीनंतरच" मधला "च" आणि "कलम ७ मध्ये काहीही असले तरी". मग माझी जुनी ओळ शेजारी ठेवली. तिच्यात एक गोल. चाराचा एक झाला होता, आणि हे मोजायला मला अर्धं मिनिट लागलं. चार वर्षांत ते मी एकदाही केलं नव्हतं.

मग साहेबांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक गोल जर–तर मध्ये उलगडला. दोन "परंतु" आणि दोन नकार एकावर एक आले की मलाच गोंधळायला होत होतं. लागू नाही, त्यातून वगळणार नाही, म्हणजे लागू आहे का? जर–तर केल्यावर तीन सरळ प्रसंग उरले. अपवाद वर घेतला, कारण कार्ड हातात घेणारा माणूस बहुधा त्याच्यासाठीच आलेला असतो. असं झालं:

"दुसऱ्या अनुसूचीतल्या गुप्तचर व सुरक्षा संस्था (कलम २४):
भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर माहिती मागता येते, मुदत ३० दिवस.
मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरीही मागता येते. केंद्रीय माहिती आयोगाने मंजुरी दिली तरच मिळते, नाही दिली तर नाही. मुदत ४५ दिवस.
दोन्ही आरोप नसतील तर या कायद्याने मिळत नाही."

एका ओळीच्या चार झाल्या. कार्डावरच्या शुभेच्छा आणि आमच्या गटाचं मोठं नाव काढून जागा केली.

मग कार्ड घरातल्यांवर तपासलं. माझ्या भाचीला कायद्यातलं काही माहीत नाही. तिला फक्त या चार ओळी दिल्या आणि कडेकडेचे प्रश्न विचारले. सुरक्षा दलातल्या बढतीत लाच घेतल्याची तक्रार आहे, अर्ज करू का? "करा, ३० दिवस." कोठडीत मारहाण झाल्याचा आरोप आहे, कधी मिळेल? "आयोग हो म्हणाला तर, ४५ दिवस." जवानांच्या गणवेशावर किती खर्च झाला हे हवंय? "नाही मिळणार." तिन्ही उत्तरं मूळ कलमाशी जुळली. मग हेच प्रश्न जुन्या कार्डावरून माझ्या भावाला विचारले. तिन्ही वेळा "नाही". तीनपैकी एक बरोबर आलं, तेही योगायोगाने.

---

रेवती_प · स. ८.४०

कडेचे प्रश्न विचारायची कल्पना फारच आवडली. मी बाबांच्या कागदावर "जेवण नाही केलं तर काय?" असा एकच प्रश्न कुणाला विचारला असता तरी कळलं असतं.

---

अमेय_ठाणे · स. ९.१०

माझ्या कालच्या ओळीवर हेच प्रश्न लावून पाहिले. लाचेच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर येतं. शब्द मोजण्यात अटीची जागा बदललेली कळत नाही, प्रश्न विचारण्यात कळते. म्हणजे दोन्ही करायला हवं.

---

निवृत्त_कक्ष_अधिकारी · स. १०.००

शुभदाताई, कार्ड चांगलं झालंय. "नाही दिली तर नाही" ठेवलंत ते छान केलंत, एखादा संपादक ते पुनरुक्ती म्हणून कापेल, त्याला कापू देऊ नका.

पण एक गाळलेलं राहिलंय. कलमात अशा संस्थांनी केंद्र सरकारला दिलेली माहितीसुद्धा वगळलेली आहे. म्हणजे संस्थेऐवजी मंत्रालयाकडे अर्ज केला तरी तीच भिंत आड येते. हे कार्डावर घ्यायचं का, हा तुमचा निर्णय. मी घेतलं असतं.

---

बाळासाहेब_बार्शी · स. १०.२५

आणि राज्याच्या संस्थांचं काय? साताऱ्यातला माणूस केंद्राच्या संस्थेपेक्षा राज्याच्या पोलिसांकडेच जास्त जाईल.

---

निवृत्त_कक्ष_अधिकारी · स. १०.५०

बरोबर पकडलंत. त्यासाठी कलम २४(४) आहे. राज्य सरकार अधिसूचना काढून आपल्या गुप्तचर आणि सुरक्षा संस्था वगळू शकतं. अपवाद तेच दोन, ४५ दिवसही तेच, पण मंजुरी राज्य माहिती आयोगाची. आणि लक्षात घ्या, अधिसूचनेत ज्या संस्थेचं नाव आहे तिलाच हे लागू. सरसकट "पोलीस" असं नाही. साधं पोलीस ठाणं एरवी कायद्याच्या कक्षेतच आहे. कार्डावर नुसतं "सुरक्षा संस्था" लिहिलंत तर लोक ठाण्यालाही त्यात धरतील.

---

निखिल_बंगळूरु · स. ११.१५

एक शंका. "आरोप असेल तर" यात आरोप कुणाचा आणि किती भक्कम? अर्जदाराने नुसता अर्जात आरोप केला तर पुरतो का? कार्डावरचं "असेल तर" वाचून मला वाटलं पुरतो.

---

निवृत्त_कक्ष_अधिकारी · स. ११.४०

कलमाचे शब्द "आरोपांबाबतची माहिती" एवढेच आहेत. आरोप किती भक्कम हवा हे तिथे लिहिलेलं नाही आणि नेमका यावरच सुनावणीत वाद होतो. अर्जाला आधीच्या तक्रारीची पोच, तिचा क्रमांक जोडलेला बरा, असं मी सांगेन. पण ही माझी सूचना झाली, ती कार्डावर कायदा म्हणून लिहू नये.

---

शुभदा_वाई · दु. १२.३०

"केंद्रीय" च्या जागी "केंद्राची संस्था असेल तर केंद्रीय, राज्याची असेल तर राज्य माहिती आयोग" असं करते. वर "दुसऱ्या अनुसूचीत किंवा राज्याच्या अधिसूचनेत नाव असलेल्याच संस्था" असं येईल, त्यातला "च" ठळक. सरकारला दिलेल्या माहितीची ओळही घेते. पाच ओळी होतात, सहाव्या ओळीला जागा नाही, म्हणून आरोपाबद्दल कार्यशाळेत तोंडी सांगेन.

त्या गृहस्थांना आज दुपारी फोन केला. मुलाच्या तक्रारीची पोच त्यांच्याकडे आहे. बुधवारी अर्ज लिहायला बसतोय.